'हीच पद्धत का?' या प्रश्नाचे उत्तर प्रबंधात लिहा

एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या प्रबंधातले संशोधन पद्धतीचे प्रकरण एकदा उघडून पाहा. 'प्रश्नावली वापरली, नमुना निवडला, शेकडेवारी काढली' एवढेच तिथे असेल, सोबत पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या असतील, तर ते प्रकरण अजून लिहायचे आहे. तुम्ही काय केले हे परीक्षकाला दिसतेच. तेच का केले, दुसरे का केले नाही, हे त्याला वाचायचे असते.

भंडारा जिल्ह्यातलाच विषय घेऊ. मालगुजारी संपली, तिच्या काळातले तलाव उरले. त्यांना आपण मामा तलाव म्हणतो. समजा, तुमचा प्रश्न असा आहे: तलावातला गाळ काढल्यावर ढिवर कुटुंबांचे मासेमारीचे उत्पन्न वाढले का?

बहुतेक जण इथे तारो यामानेचे सूत्र लावतात: n = N / (1 + N × e²). एकेका तलावाच्या चार गावांत मिळून ६०० कुटुंबे आणि ५ टक्के चूक धरली, तर उत्तर २४० येते. मग '२४० कुटुंबांचा नमुना शास्त्रीय पद्धतीने ठरवला' असे वाक्य लिहून टाकतात. पण हे सूत्र काही गोष्टी गृहीत धरते. कुटुंबे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली आहेत आणि एका कुटुंबाचे उत्तर दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे त्यात धरलेले असते. एकाच तलावावर जाळे टाकणाऱ्या ६० घरांचे उत्पन्न स्वतंत्र कसे असेल? तलाव आटला तर साऱ्यांचेच घटते. गाळही घराघरातून निघत नाही, तलावातून निघतो. म्हणजे २४० अर्ज भरूनही तुमच्या हाती खरी तुलना चार तलावांचीच असते.

हे कळले की निवड बदलते. घरे कमी आणि तलाव जास्त घ्यायचे. आठ तलाव, प्रत्येकी १५ घरे, एकूण १२० कुटुंबे. अर्जांची संख्या निम्मी झाली, तरी तुमच्या प्रश्नासाठी हा नमुना अधिक बळकट आहे. प्रकरणात हा हिशेब सूत्रासकट मांडा आणि सूत्राचा आकडा का सोडला तेही लिहा. मोठा आकडा सोडण्याचे कारण नीट दिले, तर लहान नमुन्याला कमीपणा येत नाही.

आता आठ तलाव कोणते घ्यायचे? इथे चिठ्ठ्या टाकू नका. एवढ्या थोड्या तलावांत नशिबाने सगळे मोठे तलाव एका बाजूला येऊ शकतात. गाळ काढलेला एक आणि न काढलेला एक अशा चार जोड्या लावा. जोडीतले दोन्ही तलाव शक्यतो एकाच तालुक्यातले, साधारण सारख्या आकाराचे आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या ताब्यातले असावेत. न काढलेला तलाव हवाच, कारण नुसते आधीचे आणि नंतरचे उत्पन्न पाहिले, तर चांगल्या पावसाच्या वर्षाचे श्रेय गाळाला जाईल. पाऊस जोडीतल्या दोन्ही गावांवर जवळपास सारखाच पडलेला असतो, म्हणून उरलेल्या फरकाकडे थोड्या विश्वासाने बघता येते. तरीही गाळ काढायला कोणता तलाव निवडला गेला, यामागे गावातली एकी किंवा वजन असू शकते. ती त्रुटी या पद्धतीने जात नाही. ती शेवटच्या 'मर्यादा' या मथळ्याखाली लपवू नका, जोड्यांच्या परिच्छेदातच लिहा.

उत्पन्न मोजतानाही हेच करा. संस्थेच्या विक्रीवहीत आकडे असतात, पण घरी खाल्लेली किंवा बायांनी गावात फिरून विकलेली मासळी त्यात नसते. घरच्या मुलाखतीत ती सापडते, मात्र वर्षापूर्वीचे किलो कुणाला नेमके आठवत नाहीत. म्हणून दोन्ही वापरले, असे लिहा आणि दोन्हींत तफावत आली तर कशावर विसंबलात तेही सांगा. संस्थेच्या सभासद यादीवरून घरे निवडली असतील, तर सभासद नसलेली घरे सुटली, हेही तिथेच नोंदवा.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. परिच्छेदातून 'मामा तलाव' काढून 'टसर रेशीम' घाला. वाक्ये तशीच चालली, तर त्यात समर्थन नाही, फक्त वर्णन आहे.

हे सगळे शेवटच्या महिन्यात आठवत नाही. तेव्हा सुचतात ती कारणे मागाहून जोडलेली असतात आणि मौखिक परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडतात. म्हणून क्षेत्रकार्याला निघण्याआधी एक वही करा. प्रत्येक निर्णयाची तारीख, सोडलेला पर्याय आणि सोडण्याचे कारण तिच्यात त्याच दिवशी लिहा. मार्गदर्शकांनाही विनंती आहे, पहिला अर्ज भरण्याआधी ही वही मागून बघा.