केली वापरतो म्हणे!

इथे ब्रिटनमध्ये 1961 पासून भर बाजारात सट्ट्याची कायदेशीर दुकानं आहेत, त्यामुळे सोमवारी ऑफिसात फुटबॉलबरोबर पैशांच्याही गप्पा निघतात. साध्या सट्टेबाजांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एक्सेलची शीट दाखवणाऱ्या आमच्याच इंजिनिअर बांधवांबद्दल. "आम्ही जुगार खेळत नाही, केली वापरतो!"

हा जॉन केली बेल लॅब्जमधला शास्त्रज्ञ. 1956 साली त्याने दाखवलं की जिंकण्याची शक्यता ठाऊक असेल, तर दर वेळी गंगाजळीचा एक ठरावीक हिस्सा लावल्याने ती दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढते. एकास एक भाव असेल तर तो हिस्सा f = 2p − 1, म्हणजे 55 टक्के शक्यतेला 10 टक्के. गणित चोख आहे. पण 'ठाऊक असेल तर' एवढे तीन शब्द मंडळी सोयीस्कर गिळतात.

समजा, आमच्या मित्राला वाटतंय 55 आणि खरी शक्यता आहे 52. हातात 1000 पौंड, एकास एक भावाच्या 1000 पैजा, त्यातल्या 520 जिंकल्या. दर वेळी ठरलेले 20 पौंड लावणाऱ्या अडाणी माणसाकडे शेवटी 1800 पौंड होतात (सुरुवातीलाच पराभवांची रांग लागून तो बुडाला नाही तर). दर वेळी शिलकीच्या 2 टक्के लावणाऱ्याकडे साधारण 1822. आणि आमच्या शास्त्रशुद्ध मित्राकडे? 364! निम्म्याहून जास्त पैज जिंकूनही. कारण 52 ला योग्य हिस्सा 4 टक्के होता, हा लावतोय 10. योग्य हिश्शाच्या दुपटीपलीकडे गेलं की गंगाजळी वाढायच्या ऐवजी झिजू लागते.

केलीवर अन्याय नको. 4 टक्के लावले असते तर 2226 झाले असते, सर्वांत जास्त. पण मित्राने आपल्या आकड्यावर विश्वास न ठेवता त्याच्या 10 चे निम्मे, 5 टक्के लावले असते, तरी 2117 मिळाले असते. जाणकार 'अर्धी केली' खेळतात ते उगाच नाही. चूक कमी लावण्याच्या बाजूला झाली तर थोडंच जातं, जास्त लावण्याच्या बाजूला झाली तर सगळंच.

आता हे 55 आलं कुठून, ते विचारलं मी. 60 सामन्यांतले 33 अंदाज बरोबर आले होते, बस! अहो, साधं नाणं 60 वेळा उडवा, 33 किंवा जास्त छापे चारातून एकदा तरी पडतातच. 52 आणि 55 मधला फरक तर 1000 पैजांनंतरही धड कळत नाही, आणि प्रीमिअर लीगच्या अख्ख्या हंगामात सामने असतात 380. नाण्याची शक्यता 50 टक्के धरली तर केलीचंच सूत्र f = 0 सांगतं, म्हणजे पैज लावूच नका.

हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. मान डोलावली त्याने. शीटमध्ये अजून 10 टक्केच आहेत.