|p⟩ ही कणाची अवस्था नव्हे

पुंजयांत्रिकी शिकवताना सर्रास सांगितले जाते की निश्चित संवेगाची |p⟩ ही हायड्रोजनच्या 1s सारखीच एक अवस्था आहे. तिचे प्रसामान्यीकरण तेवढे 1 ऐवजी डेल्टा फलनाने करायचे. हे म्हणणे मला मुळातच अमान्य आहे.

घटकाभर ते खरे धरू. XP − PX = iħ या नियमाचे |p⟩ मधले सरासरी मूल्य काढा. डावीकडे (p − p)⟨p|X|p⟩, म्हणजे शून्य. उजवीकडे iħ⟨p|p⟩. अवस्था साधी असेल तर ⟨p|p⟩ = 1, म्हणून iħ = 0! नियम निर्दोष आहे. दोष गृहीतकात आहे. ⟨p|p⟩ म्हणजे δ(0), आणि डावीकडचे शून्यही अनंताने गुणलेले आहे. दोन बाजूंना वेगवेगळे p आणि p′ घ्या: ⟨p|X|p′⟩ = iħδ′(p − p′) आणि −uδ′(u) = δ(u), त्यामुळे दोन्हीकडे iħδ(p − p′) येते. हिशेब चोख जुळतो, पण p = p′ ठेवायची मुभा मिळत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, कण L लांबीच्या पेटीत ठेवा आणि शेवटी L अनंताकडे न्या. गणिते करायला ही युक्ती उत्तम आहे, पण तिने |p⟩ ला अवस्थापद मिळत नाही. पेटीतल्या लाटेची उंची 1/√L असते. L वाढत गेला की ती प्रत्येक बिंदूवर शून्याकडे जाते. हाती उरते ते शून्य फलन, आणि शून्य फलन म्हणजे कणाची कोणतीच अवस्था नव्हे.

स्थान मोजल्यावर कण |x⟩ मध्ये जातो, हे विधानही असेच टिकत नाही. इलेक्ट्रॉनचे तरंगफलन exp(−x²/2σ²) या आकाराचे घ्या. त्याची सरासरी गतिज ऊर्जा ħ²/4mσ² येते. σ एक अँगस्ट्रॉम असेल तर सुमारे 1.9 eV, σ हजारपट कमी केला की 1.9 MeV, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या 0.511 MeV या स्थिर ऊर्जेच्याही वर, जिथे हे सूत्रच लागू राहत नाही. कोणताही डिटेक्टर σ = 0 पर्यंत पोहोचत नाही.

मग |p⟩ आहे तरी काय? कापड मोजणाऱ्या पट्टीवरची ती खूण आहे, कापड नव्हे. δ(p − p′) चे एकक '1 भागिले संवेग' असते, म्हणून |⟨p|ψ⟩|² ही संभाव्यता नसून तिची घनता आहे. dp ने गुणल्यावरच संभाव्यता मिळते. वर्णपट अखंड असला की प्रश्न पट्ट्याचा विचारावा लागतो, बिंदूचा नाही. खरी अवस्था म्हणजे अनेक |p⟩ चा तरंगपुंज, ज्याच्या वर्गाचे संकलन 1 येते. फॉन नॉयमन यांनी 1932 च्या ग्रंथात डेल्टा फलन टाळले. पुढे लोरां श्वार्ट्झ यांच्या वितरण सिद्धांताने त्याला पक्का गणिती आधार दिला. पण त्या आधारानेही |p⟩ हिल्बर्ट अवकाशाबाहेरच राहते.

शिक्षकांना माझी विनंती आहे: डेल्टाचे सूत्र फळ्यावर लिहाल, त्याच तासाला |p⟩ ला अवस्था का म्हणता येत नाही तेही सांगा.