चिखल पुसण्याआधी भिंतीवरची रेघ टिपा

ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत बोरी नदीला पूर आला आणि अक्कलकोट तालुक्यातील अनेक घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर माणूस आधी झाडू हाती घेतो. विमा काढलेला असेल, तर नेमकी हीच घाई नडते.

सर्वेक्षक येतो तेव्हा त्याच्यासमोर मुख्य प्रश्न असतो की, हे नुकसान पुराचे की जुन्या ओलीचे? जुनी ओल आणि झीज तो दाव्यातून वजा करतो. याचे उत्तर भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेत असते. म्हणून सफाईआधी त्या रेघेला टेप लावून फोटो घ्यावा. आधी खोलीचा पूर्ण फोटो, मग त्याच कोपऱ्याचा जवळून. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असल्यास त्यावरील मॉडेल व अनुक्रमांकाचाही घ्यावा.

फोटोवर छापलेल्या तारखेपेक्षा मूळ फाइलमध्ये नोंदलेली तारीख-वेळ अधिक भरवशाची. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते. मूळ फाइल फोनमध्ये ठेवावी, पाठवायची तर ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

त्यानंतर दुरुस्तीचा अंदाज. ‘रंगकाम व गिलावा, ४० हजार’ अशी एकच ओळ टिकत नाही. समजा, तळमजल्यावरील फ्लॅटचा हॉल १२ बाय १० फूट आहे आणि गिलावा ३ फुटांपर्यंत फुगला आहे. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, त्यातून ३ फुटांचा दरवाजा वजा केला की उरते ४१ फूट. गुणिले ३, म्हणजे १२३ चौरस फूट. गवंड्याने चौरस फुटाला ६० रुपये सांगितले, तर खर्च ७,३८० रुपये. या ओळीपुढे ‘फोटो ४ व ५’ असे लिहावे. अंदाजपत्रकावर कारागिराचे नाव, सही आणि तारीख हवी.

दाव्याचे पत्र एका पानाचे पुरे. पॉलिसी क्रमांक, पाणी शिरल्याची तारीख व वेळ, रेघेची उंची, एकूण मागणी आणि जोडपत्रांची क्रमवार यादी एवढेच त्यात असावे. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही जोडावी. पूर आल्याचा तो पुरावा आहे, मात्र तो सरकारी मदतीसाठी असतो. त्यामुळे विमा कंपनीला वेगळे कळवावेच लागते, तेही लगेच.

पाणी उपसणे, वीज बंद करणे यासाठी थांबू नये. पण सर्वेक्षकाने पाहण्याआधी नवा गिलावा करू नये आणि भिजलेले सामान भंगारात देऊ नये. जिना, पार्किंग हे सोसायटीच्या सामाईक मालकीचे असल्याने त्यांचा खर्च स्वतःच्या दाव्यात घालू नये. अशी एक चुकीची ओळ बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका आणते.