हरवलेला रकार

बेळगावजवळच्या आमच्या एका आप्तांच्या कन्येचे नाव प्रीती. लग्नपत्रिका छापून आली, तीत ‘पीती’! वर ‘पभु खिस्ताच्या कृपेने’. आईच्या डोळ्यांना पाणी आले. मुद्रक म्हणाला, “तुम्हीच असे लिहून दिलेत.” परंतु घरच्या संगणकावर तीच फाइल निर्दोष दिसत होती. शिवाय रकार एका जागचा नव्हे, सगळीकडचाच गेला होता. लिहिणाराची चूक इतक्या नेमाने होत नाही.

जुन्या पद्धतीच्या मराठी फॉण्टांत प्रत्येक अक्षरखंडाला क्रमांक असतो, आणि तो सर्व फॉण्टांत सारखाच असतो असे नाही. घरचा फॉण्ट छापखान्यात नव्हता. कामगाराने दिसायला तसाच दुसरा निवडला. अक्षरे बहुतेक जुळली, म्हणून कोणास संशय आला नाही. रकाराची जागा मात्र त्यात रिकामी होती.

दुसऱ्या खेपेस भावाने अक्षरांच्या आकृती, म्हणजे ‘कर्व्ह’, करून फाइल दिली. त्यांना फॉण्ट लागत नाही. पण मग मजकूरही सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल त्याने जपून ठेवली. छापखान्यातच काढलेला पहिला नमुना आईने अक्षर न् अक्षर वाचला.

जुन्या पत्रिका फुकट गेल्या नाहीत. जवळच्या सोयऱ्यांच्या पत्रिकांवर वडिलांनी शाईने एकेक रकार काढला.