पाचव्या आठवड्यातील खुर्ची

गुडघ्याच्या सांधेरोपणाची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळाली, की डॉक्टर मांडीचे स्नायू बळकट करावयास सांगतात. पहिले दोन-तीन आठवडे व्यायाम उत्साहाने होतो. शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रियेची धास्तीच तो करवून घेते. खरी अडचण असते ती मधल्या काळात, साधारण चौथ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत. गुडघा पूर्वीइतकाच दुखत असतो, रोज तीच टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून पाच अंक मोजायचे असतात आणि ‘एवढे करून उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्याला पडू लागतो.

या मरगळीला शारीरिक कारण आहे. आरंभीची झपाट्याने दिसणारी सुधारणा स्नायू वाढल्यामुळे होत नाही. आहेत ते स्नायूच मज्जातंतू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतात. हा लाभ लवकर पदरात पडतो. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ मात्र संथ असते आणि उतारवयात ती आणखी संथ होते. म्हणून पाचव्या आठवड्यात आकडा थबकला, तरी काम थांबलेले नसते. वेदना हे तर मोजमापच धरू नये. झिजलेला सांधा व्यायामाने नवा होत नाही.

मग मोजावे काय? खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे. शस्त्रक्रियेनंतर शौचालयात, पलंगावर, जेवणाच्या मेजापाशी हीच हालचाल वारंवार करावी लागते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची घसरते, ती घेऊ नये. हात छातीवर घ्यावेत आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते घरातील कोणी शेजारी उभे राहून मोजावे.

अडुसष्ट वर्षांच्या एका आजींचे उदाहरण घेऊ. त्यांना साध्या खुर्चीतून हात न लावता एकदाही उठता येत नव्हते. म्हणून बैठकीवर गोधडीच्या चार घड्या घालून ती उंच केली. त्या उंचीवरून पहिल्या दिवशी त्या सहा वेळा उठल्या, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आठ वेळा. चौथ्या आठवड्यातही आठच. आजींनी व्यायाम सोडण्याची भाषा सुरू केली. तेव्हा नऊचा हट्ट न धरता गोधडीची एक घडी काढली. आकडा पाचावर आला, परंतु आता त्या अधिक खालून उठत होत्या. दहा दिवसांनी तेथेही आठ झाले आणि दुसरी घडी निघाली. त्यापुढील टप्प्यात संख्या वाढवलीच नाही. केवळ खाली बसताना धपकन न बसता मनात चार अंक मोजत बसायचे, एवढेच ठरवले. हे दिसते त्याहून कठीण असते, कारण शरीराचा भार मांडीच्या स्नायूंना सावकाश तोलून धरावा लागतो. दहाव्या आठवड्यात शेवटची घडी निघाली. साध्या खुर्चीतून त्या चार वेळा उठल्या.

येथे घरातील मंडळींचे काम नाजूक आहे. मोजणी रोज करू नये. अपुरी झोप किंवा आदल्या दिवशीची दगदग यांमुळे आकडा खाली-वर होतो आणि नाहक हिरमोड होतो. दहा-बारा दिवसांतून एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी मोजावे. दिनदर्शिकेवर दोन गोष्टी लिहाव्यात: घड्या किती आणि वेळा किती. ‘शेजारच्या काकांना तर बारा जमतात’ हे वाक्य मात्र घरात उच्चारू नये.

थबकणे आणि बिघडणे यांतला भेद ओळखावा. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांत ओसरली, तर काळजी नको. ती त्यापुढेही टिकली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा अधिक सुजलेला दिसला, तर काढलेली घडी परत घालावी आणि उठण्याची संख्या निम्मी करावी. पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर व्यायाम थांबवून विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.

या तयारीचा लाभ मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जाणवतो. वर्षभराने तयारी केलेल्या व न केलेल्या रुग्णांत फारसे अंतर राहत नाही. पण आपण स्वतः उठायचे की कोणी उठवायचे, हा प्रश्न त्या पहिल्या आठवड्यांतच अधिक बोचतो.

अखेरच्या दोन आठवड्यांत खुर्चीचा नवा टप्पा धरू नये. वॉकर घेऊन घरात फिरण्याचा आणि कठडा धरून जिन्याच्या दोन पायऱ्यांचा सराव करावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दिनदर्शिकेची ती पाने रुग्णालयात जाताना सोबत न्यावीत. फिजिओथेरपिस्टला त्यांवरून सुरुवात कोठून करावी याचा अंदाज येतो.