रोप पडते ते ट्रेच्या मळाने

मृगाचा पाऊस पडून गेला, दोन दिवस झड लागली, की रोपवाटिकेत एक दृश्य ठरलेले असते. संध्याकाळी हिरवेगार दिसलेले मिरचीचे ट्रे सकाळी जागोजागी आडवे झालेले. पाने हिरवीच असतात, पण मातीच्या रेषेशी देठ पाण्याने भिजल्यासारखा होऊन दोऱ्याएवढा बारीक पडलेला असतो. इंझोरी असो की मानोरा तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, मग एकच धावपळ सुरू होते : कृषी केंद्रावर जायचे आणि बुरशीनाशकाची पुडी आणायची. आमचे म्हणणे असे, की तोवर उशीर झालेला असतो. पुडीचा विचार बाजूला ठेवून आधी ट्रे बघावा.

हा रोप कोलमडण्याचा रोग, म्हणजेच रोपमर. तो बहुधा पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. कधी रायझोक्टोनियाही असते. पिथियमचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. कोकोपीटवर पाण्याचा पातळ थर राहिला, की एका खळग्यातून शेजारच्या खळग्यात जायला त्यांना वेळ लागत नाही. म्हणून रोपे एकेकटी न पडता गोल ठिगळ पडून मरतात आणि ठिगळ रोज वाढते. पाणी आटले तरी हा जीव संपत नाही. जाड कवचाचे बीजाणू करून तो जुन्या ट्रेच्या कोपऱ्यातल्या मळात, वाळलेल्या मुळांच्या जाळ्यात महिनोन्महिने पडून राहतो. उन्हात टाकलेला ट्रे वाळतो खरा, पण शुद्ध होत नाही.

सगळीच पडलेली रोपे या रोगाची नसतात, हेही पाहून घ्यावे. देठ धारदार कापल्यासारखा तुटला असेल तर कुरतडणारी अळी शोधा. ती दिवसा मातीत दडून बसते. भर दुपारी सगळा ट्रे माना टाकतो आणि पाणी दिल्यावर उठतो, तर ती नुसती तहान. रोपमरीतले रोप पाणी दिल्याने उठत नाही, उलट शेजारची चार पडतात. आणि ट्रेमधले खळगे रिकामेच राहिले, तर दुकानदाराला बी खोटे म्हणण्याआधी दोन-चार खळगे उकरून पाहावेत. बी कुजून मऊ झालेले सापडले तर तोच रोग जमिनीच्या आत झालेला आहे.

पुडीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे कुठलीही मर दिसली की कार्बेन्डाझिम ओतायची सवय आहे. ते रायझोक्टोनियावर चालते, पिथियमवर नाही. मेटॅलॅक्झिलचे उलट आहे. कॉपर ऑक्सिक्लोराईड दोन्हींना काहीसे रोखते, पण आडवे झालेले रोप उभे करणारे औषध यांपैकी एकही नाही.

आता धुण्याचा हिशोब मांडू. एक एकर मिरची ३ बाय दीड फुटांवर लावायची तर सुमारे ९,७०० रोपे लागतात. ९८ खळग्यांच्या ट्रेमध्ये ती ९९ ट्रेमध्ये बसतात. तूट धरून ११० घ्या. हे ट्रे बहुतेक वेळा गेल्या हंगामाचे, नाहीतर नर्सरीतून रोपांबरोबर आलेले, कुणाच्या तरी वावरातली माती लागलेले असतात. पहिले काम म्हणजे साध्या पाण्याने आणि ब्रशने माती, शेवाळ, मुळ्या काढून टाकणे. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे वाया, कारण क्लोरीनचा जोर मळातच खर्च होतो.

मग ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ही टीसीएल. पण पंचायतीची मागू नये, ती पिण्याच्या पाण्यासाठी असते, दुकानातून घ्यावी. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. १०० लिटर पाण्यात दीड किलो टाकली की अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. उघडी राहिलेली, ओल धरलेली, वास गेलेली पावडर घेऊ नये, ती कितीही टाकली तरी भरवसा नाही. चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या ड्रममध्ये घ्यावे. ट्रे एकात एक अडकवून बुडवू नयेत, मधे हवा राहते आणि तेवढी जागा कोरडी सुटते. सुटे दहा-दहा ट्रे अर्धा तास बुडवले तर ११० ट्रेच्या अकरा खेपा होतात. म्हणजे एका माणसाचा एक दिवस. पाणी गढूळ झाले की द्रावण बदलावे. काढलेले ट्रे स्वच्छ पाण्याने धुऊन फळीवर वाळवावेत, जमिनीवर नव्हे. हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावे. त्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

गेल्या वर्षीचे कोकोपीट पुन्हा भरायचे असेल तर ट्रे धुण्याचे कष्ट घेऊच नयेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील केनेथ बेकर यांनी १९५७ साली रोपवाटिकांसाठी जी पुस्तिका संपादित केली तिचा गाभाच हा होता : माती, भांडे आणि बी तिन्ही स्वच्छ हवीत, एकही सुटले तर बाकीची दोन फुकट.

ट्रे स्वच्छ झाला तरी बुरशी पाण्यातून, पायाच्या चिखलातून येऊ शकते. तिला थारा न देण्याचे काम वाऱ्याचे. पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात, ते उबेसाठी ठीकच आहे. पण मोड वर दिसू लागले त्याच दिवशी रास मोडली पाहिजे. आमच्या मते निम्मी रोपमर या एक-दोन दिवसांच्या आळसात होते. त्यानंतर ट्रे दोन-अडीच फूट उंच बांबूच्या मांडवावर, मधे हातभर नाही तरी चार बोटे जागा सोडून ठेवावेत, म्हणजे खालच्या छिद्रातून पाणी निथळते आणि वारा फिरतो. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी कोकोपीटचा वरचा थर कोरडा दिसला पाहिजे; झडीच्या दिवसांत मूठभर घेऊन दाबले आणि पाणी गळाले तर त्या दिवशी झारी हातात घेऊच नये.

इथे एक अडचण खरी आहे. मिरचीला चुरडा-मुरड्यापासून वाचवायला बारीक जाळी लागते आणि बारीक जाळी वारा अडवते. जाळी काढता येत नाही. मग छप्पर उंच ठेवावे, जाळीवर दुसरे प्लॅस्टिक पावसापुरतेच ओढावे आणि उघाड मिळताच बाजू वर गुंडाळाव्यात. रोपाला दोन-तीन खरी पाने आली, देठ कठीण झाला की हा धोका बराच उतरतो. जपायचे ते सुरुवातीचे दोन-तीन आठवडे.

एवढे करूनही ठिगळ दिसलेच, तर नुसती पडलेली रोपे उपटू नयेत. तो ट्रे अख्खा बाहेर न्यावा, पाणी थांबवावे, रिकाम्या खळग्यात त्याच कोकोपीटमध्ये पुन्हा बी टोचू नये. ठिगळाच्या काठावरची उभी दिसणारी रोपेही वावरात लावू नयेत.

राज्य सरकारने २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिका योजना सुरू केली. तिच्यातून शेडनेट, पॉलिटनेल, पंप, क्रेट यांना अनुदान ठेवले गेले. जाळी उभी राहिली की नाही, हे तपासायला अधिकारी जातात. त्यांनी त्याच फेरीत ट्रे धुण्याचा हौद कुठे आहे, एवढे विचारावे. आणि रोपे विकत घेणाऱ्या शेतकऱ्यानेही नर्सरीवर गेल्यावर रोपाची उंची मोजण्याआधी रिकाम्या ट्रेची थप्पी बघावी. तिच्या कोपऱ्यात जुनी मुळे दिसली, तर दुसरी नर्सरी पाहावी.