चेंडू, माणूस आणि मूलची एसटी

विदर्भाच्या उमेश यादवचा चेंडू ताशी १४४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४० मीटरने सुटला, की १६० ग्रॅमच्या त्या गोळ्यात १२८ ज्यूल गतिज ऊर्जा असते. साठ किलोचा माणूस रमतगमत, सेकंदाला १.४ मीटरने चालला तर जेमतेम ५९. चेंडू वजनाने पावणेचारशेपट हलका, तरी ऊर्जा दुपटीहून जास्त. कारण या हिशेबात वस्तुमान एकदाच येते, वेगाचा मात्र वर्ग होतो. आता चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघालेली एसटी घ्या. प्रवाशांसह बारा टन धरू. ताशी ५४ किलोमीटरला तिच्यात साडेतेरा लाख ज्यूल, म्हणजे असे दहा हजारांवर चेंडू! चालकाने वेग ७२ केला, की आकडा चोवीस लाखांवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला, ऊर्जा पाऊणपटीहून जास्त. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत घालवावी लागते. कोरड्या डांबरावर चाके बऱ्यापैकी धरतात असे मानले, तरी ब्रेक लागल्यापासून ५४ ला साधारण २३ मीटर लागतात, ७२ ला ४१, पावसात आणखी. जंगलातल्या वळणावर चितळ आडवे येते, ते एवढे अंतर राखून येत नाही. तिथे वेग कमी ठेवा.